भिशीचं व्हाउचर

आमचे हे बँकेतून रिटायर झाले तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. म्हटलं, सुटले बिचारे. पंधरा दिवसांत कळलं की ते सुटले, पण मी अडकले. डाळीचे डबे कुठल्या क्रमाने ठेवायचे इथपासून दूधवाल्याचा हिशोब मी चुकीच्या पानावर लिहिते इथपर्यंत सगळ्याची तपासणी सुरू झाली. एके दिवशी गॅस सिलिंडर किती दिवस चालला ते मला विचारून त्यांनी कॅलेंडरवर लिहिलं, आणि मागच्यापेक्षा चार दिवस कमी का, असं विचारलं. मी लाटणं खाली ठेवलं आणि म्हटलं, "अहो गोविंदराव, तुम्ही बाहेर कुठेतरी कामाला लागा. पगार नाही मिळाला तरी चालेल."

तेव्हा माधवगंजातली दुर्गा आठवली मला. तिचं किराण्याचं दुकान. नवरा शाळेची बस चालवतो, दुकान हिच्या नावावर, आणि चालवतेही हीच. बोलायला गोड, वजनाला चोख, पण कागदाशी जन्माचं वैर. खरेदीची बिलं साखरेच्या रिकाम्या पोत्यात. कोण किती उधार नेतंय ते डोक्यात. मी ह्यांना तिच्याकडे नेऊन सोडलं, आणि खरं सांगते, पोतं बघून ह्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. आनंदाने हो! इतकी बिलं, आणि एकही तारखेप्रमाणे लावलेलं नाही.

झालं. आठवड्यातून दोन दिवस दुर्गाकडे जाऊ लागले. बिलं तारखेने लावून फायलीत. रोज संध्याकाळी दुर्गाने गल्ल्यातली रोकड मोजून फोनवर सांगायची, ती एका रकान्यात, फोनवरून आलेले पैसे दुसऱ्या रकान्यात, उधारी तिसऱ्यात. महिन्याअखेर बँकेचं स्टेटमेंट घेऊन ओळ अन् ओळ टिक करायचे. दुर्गाचं बघून शेजारचा कपडेवाला आला. त्याचं दर तिमाहीचं कराचं चलन अठरा तारखेच्या आत भरायला हवं, आणि दर वेळी त्याला एकोणीस तारखेला आठवायचं. मग भांडीवाला आला, मग पुस्तकवाला. एका दुकानाचे महिन्याला दोन हजार. सहा दुकानं झाली. मला पहिल्याच वर्षी नवीन वॉशिंग मशीन मिळालं, आणि त्याहून मोठं म्हणजे अकरा ते दोन घर माझं एकटीचं झालं. शिंदे की छावनीत आमच्या गल्लीत माझ्याएवढी सुखी बाई नव्हती.

आता भिशीचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

आमची वीस बायकांची भिशी. इथे हिंदी मुलखात तिला बीसी म्हणतात. दर महिन्याला प्रत्येकीने पाच हजार टाकायचे, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिला लाख रुपये. कुणी कमिशन घ्यायचं नाही, कुणी घाटा सोसायचा नाही. अशी वीस महिने. पैसे गोळा करायची दुर्गा, कारण तिच्या दुकानात जाणं सगळ्यांना होतंच. पूर्वी आम्ही नोटा पदरात बांधून न्यायचो. ते बघून ह्यांचा जीव वरखाली. "रोकड का फिरवता? ऑनलाइन टाका. बँकेतून गेलेला पैसा कधी हरवत नाही, त्याचं रेकॉर्ड राहतं." बँकेतल्या माणसाला बँक म्हणजे गंगा. त्यातून गेलं की सगळं पवित्र.

मग काय, आम्ही सगळ्या दुर्गाच्या काउंटरवरच्या क्यूआरच्या चौकोनाला फोन दाखवू लागलो. पैसे आले की शेजारचा बोलका डबा मोठ्याने ओरडायचा, 'पाँच हज़ार रुपये प्राप्त हुए', आणि साबण घ्यायला आलेला माणूस वळून बघायचा की ही बाई पाच हजारांचा साबण कुठला घेते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो डबा एकोणीस वेळा ओरडायचा. विसावी दुर्गा स्वतः, ती आपले पाच हजार दुकानातूनच घालायची.

डिसेंबरात दुर्गाला कागद आला. सरकारी, करखात्याचा. त्या दिवशी ती दुकान हर्षितावर सोडून आमच्याकडे आली. हर्षिता म्हणजे तिची मुलगी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. दुर्गा दारातच बसली. "काकू, काका कुठे आहेत? मला काही समजत नाहीये. चाळीस लाख म्हणतायत. मी चाळीस लाखाची बाई दिसते का हो?"

ह्यांनी चष्मा लावून कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मग मला म्हणाले, "चहा टाक," आणि मला कळलं की काहीतरी भयंकर आहे, कारण चार वाजले नव्हते.

कागदात असं होतं की गेल्या आर्थिक वर्षात दुर्गाच्या खात्यात फोनवरून त्रेचाळीस लाख पस्तीस हजार जमा झालेत. माल विकणाऱ्याची वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. तुम्ही केलेली नाही. का केली नाही, पंधरा दिवसांत सांगा, नाहीतर आम्ही आमच्या अंदाजाने कर लावू.

"कर म्हणजे किती?" दुर्गाने विचारलं.

"कर, वर व्याज, वर दंड," हे म्हणाले. आकडा त्यांनी सांगितला नाही, पण हाताचा अंगठा बोटांवर फिरत होता. दुर्गा त्या अंगठ्याकडे बघत राहिली. तिने तेवढ्या बघण्यातच ओळखलं. किराण्यात शंभराला दहा रुपये सुटले तर नशीब. "दुकान जाईल," ती म्हणाली. "हर्षिता सीए करायचं म्हणते. दुकानच नाही तर काय करणार?"

"विक्री चाळीसच्या आत आहे," हे म्हणाले. "माझ्याकडे लिहिलेलं आहे. सदतीस लाख पंचाहत्तर हजार, रोकड धरून. त्या त्रेचाळीसातले अकरा लाख चाळीस हजार भिशीचे आहेत."

"मग सांगू ना आपण तसं!" मी म्हटलं.

त्यांनी आपली वही काढली. हो, सगळं लिहिलेलं होतं. रोजचं. पण दर महिन्याला एकच ओळ: 'भिशी, पंच्याण्णव हजार.' ना नाव, ना सही, ना पावती. मी म्हटलं, लिहिलंय की. ते म्हणाले, "मी लिहिलंय. मला ठाऊक होतं म्हणून लिहिलं. त्या साहेबाला कसं ठाऊक असणार?" आणि मग हळूच म्हणाले, "छत्तीस वर्षं मी सहीशिवाय एक व्हाउचर पास केलं नाही. मॅनेजरचंही नाही. आणि हे सोडून दिलं. का, तर घरच्या बायकांची भिशी."

दुर्गा गेल्यावर हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही अर्धी पोळी. तिसऱ्या दिवशी कपडेवाल्याला फोन करून सांगितलं की पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणी बघा. मी तिथेच होते, फोन काढून घेतला हातातून आणि कपडेवाल्याला म्हटलं, "भैया, इनकी तबियत ज़रा ठीक नहीं है, आप ध्यान मत दीजिए." आणि ह्यांना म्हटलं, "एक ओळ चुकली म्हणून सगळी दुकानं सोडू नका. भिशी आहे ना खरी? मग खरी आहे हे दाखवायचं. उठा."

ते उठले. तेवढं मात्र आहे आमच्या ह्यांचं, ओरडलं की उठतात.

पहिल्यांदा गेले शंतनु वकिलाकडे. गोरखीतला मुलगा, कराचीच कामं करतो, ह्यांच्या मित्राचा भाचा. कारण हे स्वतः हिशोब लिहू शकतात, पण साहेबापुढे दुर्गाच्या वतीने बोलायचा अधिकार ह्यांना नाही. तो वकिलाला किंवा सीएला असतो. शंतनु नीट मुलगा निघाला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तुमची रोजची वही आहे, खरेदीची बिलं आहेत, खरेदी चौतीस लाखांची आहे. एवढ्या मालावर पावणेअडतीस लाखांची विक्री पटण्यासारखी आहे. त्रेचाळीसची पटत नाही. म्हणजे बाजू आपली. फक्त भिशीचा प्रत्येक पैसा कुणाचा, ते कागदावर हवं. कमिशन कुणी घेत नाही ना?"

"एक रुपयासुद्धा नाही," हे म्हणाले.

"मग ही आपापसातली बचत. लिहून आणा. प्रत्येकीकडून."

आणि इथे आमच्या बायकांची करामत बाहेर आली. स्टेटमेंटमधली नावं बघितली तर त्यात आमच्यातली एकही बाई नव्हती! यशोधन, संग्रामसिंह, कुणी अमुक ट्रेडर्स, कुणी तमुक मेडिकल. उषाताईने मुलाच्या फोनवरून टाकले, शांताताईने जावयाच्या. मी कुणाच्या? ह्यांच्याच. दर महिन्याला माझ्यापुढे फोन धरायचे आणि मी 'पाठवा' म्हणायची. म्हणजे ह्यांच्याच हिशोबात, ह्यांच्याच नावाने पाच हजार येत होते, आणि ते तिकडे 'भिशी' म्हणून टिक करत होते. मी हसले. ते हसले नाहीत.

मग मी पदर खोचला. दारोदार गेले. ई-रिक्शात बसून गार वाऱ्यात नाक लाल करून घेतलं. एकेकीला विचारायचं: तुझे पैसे कुणाच्या फोनवरून जातात? तुला लाख मिळाले तर कुठल्या खात्यात घेतले? आणि मग चार ओळींचं पत्र, खाली सही, आधारची झेरॉक्स. पहिल्यांदा सगळ्या घाबरल्या. उषाताई म्हणे, सरकार माझ्या मागे लागेल. मी म्हटलं, तुझ्यामागे तुझा नवरा नाही लागत, सरकार काय लागणार. हसली, सही दिली. संध्याकाळी हे ओळी जुळवत बसायचे. एक जुळली की टिक, आणि प्रत्येक टिकेबरोबर चेहऱ्यावरचा ताण थोडा कमी व्हायचा. मधेच एकदा दचकून उठले. "जुलैत लाख बाहेरच गेलेले नाहीत! बारा महिन्यांत अकराच वेळा गेलेत!" रात्रभर तळमळले असते, पण मला आठवलं. जुलैत चिठ्ठी दुर्गाचीच निघाली होती. स्वतःच्याच खात्यातून स्वतःला कशाला पाठवील ती? तेव्हा कुठे हे पाणी प्यायले.

अठरा जणींचं झालं. एक राहिली. विजयाबाई.

विजयाबाई गोरखीत राहतात. सत्तरीच्या, ताठ, घराणं एके काळी फौजेतलं, त्याचा पीळ अजून मानेत. त्यांच्या घरी वर एक मुलगी भाड्याने राहते, तन्वी, कुठल्याशा क्लासला जाते. विजयाबाईंचे पाच हजार तन्वीच्या फोनवरून यायचे. म्हणजे खोलीचं भाडं ती यांच्या हातात न देता परस्पर दुर्गाला पाठवायची. आणि फेब्रुवारीत विजयाबाईंची चिठ्ठी निघाली तेव्हा ते लाख कुणा बाईच्या किंवा तिच्या घरच्यांच्या खात्यात गेलेच नाहीत. गेले कुठल्या तरी 'एंटरप्राइजेस'ला.

"हे काय आहे?" ह्यांनी दुर्गाला विचारलं.

दुर्गाने मान खाली घातली. "विजयाबाईंनी सांगितलं तिकडे पाठव, मी पाठवले. कशाला ते मला माहीत आहे, काका, पण मी सांगणार नाही. शब्द दिलाय."

"अगं दुकान जाईल तुझं!"

"जाऊ दे. त्यांनी देवीसमोर शब्द घेतलाय."

मी तिला मनात दोन शिव्या घातल्या आणि मनातच तिच्या पाया पडले. अशी माणसं दुकानं कशी चालवतात कोण जाणे.

मी विजयाबाईंकडे गेले. अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर गजकची पुडी. मुरैन्याची, तिळाची, चिक्कीसारखी कडक. माझ्याशी बोलता बोलता एक तुकडा तोंडात टाकला आणि कडाक्कन मोडला. मी बघत राहिले. दोन वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला याच विजयाबाई तिळाचा लाडू पाण्यात भिजवून खात होत्या. आणि आता हे दात? पांढरेशुभ्र, एकसारखे, दोन्ही ओळी.

"बाई," मी म्हटलं, "दात कुठून केले हो?"

तुकडा तोंडातच थांबला त्यांच्या. मग आत चला म्हणाल्या.

आत सगळं निघालं. त्यांचा मुलगा विक्रमसिंह, वाईट नाही, पण तोंडाचा फटकळ. यांनी एकदा म्हटलं, दात बसवून घेऊ का, हाडात पक्के बसवतात ते. तर म्हणाला, "आईसाहेब, या वयात दात कशाला? मऊ भात खा." तेवढंच. पण ते यांना असं लागलं की त्यानंतर मुलाकडे एक पैसा मागितला नाही. भिशी लावली, तन्वीचं भाडं तिकडे वळवलं, लाख मिळाले ते थेट दंतवैद्याला. त्या डॉक्टरची फर्म त्या एंटरप्राइजेसच्या नावाने. आणि मुलाला सांगितलं, शिबिरात फुकट बसवले.

"मग चार ओळी लिहून द्या की," मी म्हटलं.

"नाही. कागद फिरतो. कागद उद्या विक्रमसिंहच्या हातात पडला तर? मी माझ्या मुलाशी खोटं बोलले, हे त्याला कागदावर वाचायला लावू? सही नाही करणार मी."

तिथे माझा पारा चढला. मी काही गुणाची नाही, मला कळतं. म्हटलं, "तुमचे दात शाबूत राहावेत म्हणून दुर्गा तोंड बंद करून बसलीय. तिचं दुकान गेलं, तर तुम्ही गजक कुठल्या तोंडाने खाल?" आणि चपला घालून निघाले. रस्त्यात रडू आलं. वयस्कर बाईला असं बोलायचं नव्हतं मी. पण बोलून गेले, आणि खरं होतं ते.

उत्तर अठरा पत्रांसकट शंतनूने दिलं. जानेवारीत सुनावणीची तारीख पडली, भिशीतल्या सगळ्यांना ती कळली. धुक्यात आम्ही चौघं गेलो: दुर्गा, शंतनु, हे आणि मी. मला आत कोण घेणार? मी बाहेर बाकावर, शाल कानांवरून घेऊन. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतलं ऐकू येत होतं. साहेब शांत बोलत होता, हिंदीत. ह्यांच्या फायली उलटत होता. रोकड विक्री न विचारता धरली आहे बघून म्हणाला, "अच्छा, कैश भी जोड़ा है आपने?" हे म्हणाले, "जी, बिक्री तो बिक्री है." मला इतकं बरं वाटलं ते ऐकून.

मग तो थांबला. "दस भुगतान समझ में आ गए. ये फरवरी वाला एक लाख, एंटरप्राइजेस को. और ये तन्वी कौन हैं? इनका कोई पत्र नहीं है. ये आपका अपना ख़र्चा तो नहीं, मैडम?"

 शंतनु म्हणाला, सर, त्या सभासदाला थोडी अडचण आहे. साहेब म्हणाला, "वकील साहब, एक कड़ी ऐसी रहेगी, तो बाकी पर कैसे भरोसा करूँ?" बरोबरच होतं त्याचं. त्याच्या जागी आमचे हे असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं. 

आणि तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज. वर बघते तर विजयाबाई! नऊवारी, डोक्यावरून पदर, हातात प्लास्टिकची पिशवी. आणि मागे विक्रमसिंह, गाडीची किल्ली हातात, तोंड असं की कुणीतरी आताच थोबाडीत दिली आहे.

"कुठे आहे तो साहेब?" मला म्हणाल्या.

मी उठले. दार ढकललं आणि त्यांना आत नेलं. कुणी अडवलं नाही. विजयाबाईंना अडवायची कुणाची छाती आहे?

त्यांनी टेबलावर पिशवीतून दवाखान्याचं बिल काढून ठेवलं. त्यांच्या नावाचं, फेब्रुवारीचं, पैसे मिळाले असा शिक्का मारलेलं. खाली तीच एंटरप्राइजेस. मग तन्वीचं पत्र, भाडं कसं आणि कुठे पाठवते त्याचं. साहेब बिल वाचत होता, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "साहब, एक लाख ढूँढ रहे हो ना? ये रहे." आणि दोन्ही ओळी दाखवल्या. "पूरे के पूरे मुँह में हैं. गिन लीजिए."

साहेब आधी थिजला. मग हसला. मग शंतनु हसला, आणि आमचे हे, ज्यांनी महिनाभर दात दाखवले नव्हते, ते इतके हसले की चष्मा पुसावा लागला. दुर्गा मात्र रडत होती. विजयाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वेडी पोर. मी शब्द घेतला म्हणून काय दुकान घालवत होतीस?"

"माताजी, लिखित में भी देना होगा," साहेब म्हणाला.

"दीजिए कलम," त्या म्हणाल्या. "मेरे बेटे को सब बता दिया है. अब किससे छुपाऊँ?"

विक्रमसिंह भिंतीला टेकून उभा होता, मान खाली. विजयाबाईंनी तिथेच चार ओळी लिहिल्या. साहेबाने सगळं नीट लावलं, पुन्हा एकदा बेरीज बघितली आणि म्हणाला की हिशोब चाळीस लाखांच्या आत बसतो, पुढची कारवाई तो बंद करेल, तसा कागद घरी येईल. मग दुर्गाकडे बघून, "पर आगे से दुकान का खाता सिर्फ़ दुकान का रखिए. और चालीस के पास पहुँचें तो पहले रजिस्ट्रेशन करा लीजिए. ये हर बार हँसकर नहीं निपटेगा."

"जी," दुर्गा म्हणाली. "जी, जी, जी."

बाहेर पडलो आणि मला एवढं हलकं वाटलं की जिन्याच्या पायऱ्या कळल्याच नाहीत. धुकं उठलं होतं. हर्षिताला दुर्गाने फोन लावला आणि तिकडून ती किंचाळली ते आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, "मम्मी, सच्ची? मैं दुकान बंद करके आऊँ क्या?" दुर्गा म्हणाली, "खबरदार! गिऱ्हाईक सोडून कुठे येतेस?"

विक्रमसिंह कोपऱ्यावरच्या गाड्याकडे गेला आणि परत आला तो गजकची पुडी घेऊन. आईच्या हातात दिली. "आईसाहेब," त्याने घसा साफ केला, "कडक मागितलीय. एकदम कडक."  विजयाबाईंनी पुडी फोडून पहिला तुकडा त्यालाच दिला.

मी त्यांचा हात धरला. "मी फार बोलले हो त्या दिवशी."

"बोललीस," त्या म्हणाल्या. "तू नसतीस बोलली तर मी आजही खुर्चीत बसले असते. चल, खा."

ह्यांनी त्या दिवशी घरी येऊन तीन पोळ्या खाल्ल्या, वर भात, वर ताक. मग कपडेवाल्याला फोन केला की अठरा तारीख जवळ आली आहे, चलनाचं विसरू नका. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आवाज अगदी पहिल्यासारखा, त्यात ती बँकेतली तक्रार. इतकं सुख झालं मला त्या तक्रारीने, काय सांगू.

नोटीस बंद झाल्याचं पत्र फेब्रुवारीत आलं. दुर्गाने त्याला हळदकुंकू लावलं आणि मग ह्यांनी ते तिच्याकडून काढून फायलीत लावलं, कुंकवासकट.

भिशी आता आमच्या घरी होते. दुर्गाच्या खात्याशी काही संबंध नाही. रोकड, समोरासमोर, आणि ह्यांची नवी पावती-पुस्तकं. प्रत्येकीने पैसे द्यायचे, ह्यांनी मोजायचे, पावती फाडायची, तिने अर्ध्या भागावर सही करायची. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "मी तुमची बायको आहे. मी कशाला सही करू?" तर म्हणाले, "म्हणूनच. घरच्यांचीच सही राहून जाते." आणि पेन पुढे केलं. केली बाई सही.

विजयाबाई सगळ्यात शेवटी आल्या. विक्रमसिंहने आणून सोडलं, तो बाहेर गाडीत थांबला. पाच हजार मोजून टेबलावर ठेवले. ह्यांनी पावती फाडली आणि जरा चाचरतच म्हणाले, "बाई, तुमची हरकत नसेल तर इथे..."

"हरकत कसली?" त्यांनी पेन घेतलं. दिलेली जागा एवढीशी होती. विजयाबाईंनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, रकान्याबाहेर, खालच्या रेघेवरून, पावतीच्या काठापर्यंत. मग ह्यांच्याकडे बघून हसल्या, सगळे दात दाखवून.

ह्यांनी पावती उजेडाला धरून दोनदा वाचली. मग खिशातून एक शिक्का काढला आणि मारला त्या सहीवर. शिक्का कुठून आणला होता, देव जाणे.